कापडी, कागदी आणि तागाच्या पिशव्या: दुकानदार आणि गिऱ्हाईक आम्हाला नेहमी विचारतात ते प्रश्न

आम्ही ठाणे पूर्वेला, कोपरीत, पिशव्या शिवणाऱ्या बायकांचा छोटा बचत गट आहोत. दुकानदार, गिऱ्हाईक आणि पिशव्या शिवायला नव्याने लागलेल्या मैत्रिणी आम्हाला तेच तेच प्रश्न फोनवर आणि व्हॉट्सॲपवर विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. दुकानदारांना सगळ्यात जास्त उपयोग होईल तो 'परतीच्या पिशवी'च्या हिशेबाचा, म्हणून तो सविस्तर लिहिला आहे.

माझं किराणा दुकान आहे. कापडी, कागदी की तागाची, कोणती पिशवी घेऊ?

आधी गिऱ्हाईक एका वेळी काय आणि किती नेतं ते सांगा. किराण्याला कापडी, औषधाच्या दुकानाला छोटं कागदी पाकीट आणि महिन्याचं सामान एकदम भरणाऱ्यांना तागाची, असं साधारण जमतं. पाच किलो तांदूळ, दोन किलो पीठ आणि वर तेलाची पिशवी एवढं कापडी पिशवीत आरामात बसतं. कागदी पिशवीत सामान सुकं आणि हलकं असेल तरच भरवसा ठेवा. तागाची पिशवी भरपूर वजन घेते, पण ती घडी घालून पर्समध्ये मावत नाही. त्यामुळे लोक ती घरीच ठेवून येतात आणि दुकानात पुन्हा पिशवी मागतात. हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं. तेव्हापासून तागाच्या पिशवीची ऑर्डर आली की आम्ही आधी विचारतो, घेणारं गिऱ्हाईक गाडीतून येतं की चालत.

प्लास्टिकची पिशवी दिली तर खरंच दंड होतो का?

होतो. महाराष्ट्राची प्लास्टिकबंदीची अधिसूचना 23 मार्च 2018 ची. त्यात पहिल्या वेळी 5,000 रुपये, दुसऱ्या वेळी 10,000 आणि तिसऱ्या वेळी 25,000 रुपये दंड आणि तीन महिने कैद अशी तरतूद आहे. केंद्राच्या नियमांत जाडीची अट वेगळी आहे: 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅग चालत नाही. घाऊकवाला "ही जाड आहे, चालते" असं सांगतो तेव्हा तो केंद्राच्या अटीबद्दल बोलत असतो. राज्याची बंदी त्याहून कडक आहे, म्हणून त्याच्या शब्दावर जाऊ नका.

बाजारात कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवी पाच-सहा रुपयांत मिळते. तुमची 36 रुपयांची का घ्यायची?

ती पाच-सहा रुपयांची पिशवी कापडाची नसते. ती 'नॉन-वूव्हन' असते, म्हणजे पॉलिप्रॉपिलिनचे तंतू उष्णतेने दाबून केलेला पत्रा. विणलेला धागा त्यात कुठेच नसतो. उजेडासमोर धरा. विणलेल्या कापडात उभे-आडवे धागे दिसतात आणि हिच्यात बारीक ठिपक्यांची नक्षी दिसते. तरी शंका राहिली तर एक तुकडा कापून चिमट्यात धरा आणि मेणबत्तीला लावा. कापूस जळताना कागद जळल्यासारखा वास येतो आणि मागे मऊ राख उरते. नॉन-वूव्हन आकसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. हे बेसिनजवळ करा, वितळलेला थेंब बोटावर पडला तर चांगलंच भाजतं.

केंद्राच्या नियमाप्रमाणे 60 जीएसएमपेक्षा, म्हणजे चौरस मीटरमागे 60 ग्रॅमपेक्षा, हलकी नॉन-वूव्हन पिशवी 30 सप्टेंबर 2021 पासून चालत नाही, आणि स्वस्तातल्या बहुतेक पिशव्या त्याहून हलक्या असतात. उन्हात राहिली की काही महिन्यांत तिचा चुरा होतो.

36 रुपये कसे होतात? एवढ्याशा कापडाला?

आम्ही मांजरपाट वापरतो, भिवंडीच्या यंत्रमागावरचं, न रंगवलेलं. पन्हा 36 इंच. दहा मीटरचा तुकडा आम्हाला 460 रुपयांना पडतो. त्यात किती पिशव्या बसतात हे कापण्यावर ठरतं, म्हणून ते नीट सांगते.

एका पिशवीला कापडाच्या लांबीतून 15 इंच कापायचे. तो तुकडा 15 बाय 36 होतो. पन्ह्याकडून मधोमध दुमडला की तळाला शिवण लागत नाही आणि कापडाचे दोन्ही काठ पिशवीच्या तोंडाशी येतात. काठाचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे तिथे एकदाच दीड इंच दुमडून टीप मारली की झालं. बाजूच्या शिवणीत प्रत्येकी अर्धा इंच जातो. तयार पिशवी 14 इंच रुंद आणि साडेसोळा इंच खोल भरते.

दहा मीटर म्हणजे 393 इंच. 21 पिशव्यांना 315 इंच लागतात. उरलेल्या 78 पैकी 72 इंचांतून बंद निघतात: 18 इंच लांब आणि 3 इंच रुंद पट्ट्या, एका ओळीत 12, अशा चार ओळी, एकूण 48. पिशवीला दोन याप्रमाणे 42 लागतात आणि सहा दुरुस्तीसाठी उरतात. पट्ट्या कापडाच्या लांबीच्या दिशेनेच कापायच्या. मागावर ताणलेले उभे धागे त्या दिशेने जातात आणि ते कमी ताणले जातात. आडव्या कापलेल्या बंदाला वजन लावलं की तो रबरासारखा लांबतो आणि पिशवी गुडघ्याला लागायला लागते.

तर पिशवीमागे कापड 22 रुपये, कापणी आणि शिवण 9, धागा आणि छपाई 3, गटाच्या खात्यात 2. एकूण 36. कापणी-शिवणीचे नऊ रुपये बाईच्या हातात जातात आणि ते कमी करायला आम्ही तयार नाही. एका दुपारी सवयीच्या हाताने पंचवीस-तीस पिशव्या होतात.

एवढी महाग पिशवी गिऱ्हाइकाला फुकट कशी देऊ?

फुकट देऊ नका. 'परतीची पिशवी' ठेवा: गिऱ्हाईक अनामत भरून पिशवी नेतं आणि स्वच्छ परत आणली की पूर्ण अनामत परत मिळते. हे आम्ही एका किराणा दुकानात दोनदा करून पाहिलं. पहिल्यांदा फसलं. चूक आमचीच होती.

पहिल्या वेळी दुकानदाराने आमच्याकडून 36 च्या भावाने 50 पिशव्या घेतल्या, म्हणजे 1,800 रुपये. आम्हीच त्यांना सुचवलं की अनामत दहाच रुपये ठेवा, जास्त असली तर गिऱ्हाईक बिचकेल. कोणी बिचकलं नाही. तीन आठवड्यांत पन्नासच्या पन्नास पिशव्या गेल्या आणि परत आल्या सहा. दहा रुपयांत एवढी मजबूत पिशवी मिळत असेल तर ती परत कोण आणेल? 44 पिशव्यांमागे प्रत्येकी 26 रुपये, म्हणजे 1,144 रुपयांचं नुकसान त्या काकांना झालं. ते आम्ही पुढच्या ऑर्डरीत थोडं थोडं करून भरून दिलं.

दुसऱ्या वेळी अनामत पिशवीच्या किमतीपेक्षा थोडी वर, म्हणजे 40 रुपये ठेवली. 60 पिशव्या, 2,160 रुपये. गल्ल्याशेजारी एक वही ठेवली आणि पिशवी गेली की एक रेघ, आली की दुसऱ्या रकान्यात एक रेघ, एवढंच. महिन्याच्या शेवटी 83 वेळा पिशव्या गेल्या होत्या आणि 41 वेळा परत आल्या होत्या. म्हणजे 42 पिशव्या लोकांकडे आणि 18 दुकानात. लोकांकडच्या पिशव्यांची अनामत 1,680 रुपये गल्ल्यात आणि दुकानातल्या 18 पिशव्यांची किंमत 648. बेरीज 2,328, म्हणजे 168 रुपये वर. परत आलेल्या पिशव्या धुऊन देण्याचे आम्ही तीन रुपये घेतो, 41 चे 123 झाले. हातात 45 रुपये उरले. कमाई म्हणावी एवढी ही रक्कम नाही, पण पिशव्यांवर खिशातून काहीही गेलं नाही आणि ज्यांनी पिशवी परत केली नाही त्यांनी ती विकत घेतली. अनामत पिशवीच्या किमतीखाली गेली की हे सगळं गणित उलटतं.

अनामत 40 रुपये म्हटलं की गिऱ्हाईक भांडतं. काय सांगायचं?

बिलात 'पिशवी 40' असं लिहू नका. ती किंमत वाटते. 'पिशवी अनामत 40, परत केल्यावर परत' असं पूर्ण लिहा आणि हीच ओळ गल्ल्यासमोर मराठीत मोठ्या अक्षरात लावा. नेहमीचं गिऱ्हाईक एकदा पैसे परत घेऊन गेलं की पुढे विचारत नाही. खरी अडचण येते ती चालता चालता शिरलेल्या गिऱ्हाइकाची, ज्याच्या हातात एक बिस्किटचा पुडा आणि एक साबण असतो. त्याला पिशवी लागतच नाही, हातात नेता येतं. आधी तेच विचारा.

दुसऱ्या दुकानाची पिशवी माझ्याकडे परत आणली तर?

पैसे देऊ नका. म्हणूनच प्रत्येक दुकानाचा शिक्का वेगळा मारतो आणि तो पिशवीच्या आतल्या बाजूला, तोंडाजवळ असतो. बाहेरचा छापा धुऊन फिका पडतो, आतला टिकतो. शेजारच्या दोन-तीन दुकानांनी मिळून एकच शिक्का आणि एकच वही ठेवली तर फार सोपं जातं, पण त्यासाठी दुकानदारांचं आपसात जमायला हवं.

परत आलेली पिशवी मळलेली किंवा वासाची असेल तर?

मळलेली घ्या, धुता येते. तेल सांडलेली किंवा मासळीचा वास बसलेली घेऊ नका, असं बोर्डावर आधीच लिहून ठेवा. मांजरपाट पहिल्या धुण्यात आकसतं. आमच्या पिशव्या दोन्हीकडून साधारण इंचभर कमी होतात, ते धरूनच माप ठरवलेलं आहे. गरम पाण्यात टाकू नका, जास्त आकसते. सावलीत वाळवा असं आम्ही सांगत नाही, उलट कडक ऊन द्या, पावसाळ्यात दमट राहिली की काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत.

बंद तुटतात अशी तक्रार ऐकली आहे. तुमच्या पिशवीचे तुटतात का?

सुरुवातीला तुटायचे. कापड फाटत नव्हतं, शिवण सुटत होती. बंदाचं टोक तोंडाच्या पट्टीत घालून वरून एक टीप मारली की सगळं वजन त्या एका टिपेवर येतं. आता बंदाचं टोक पट्टीच्या खाली दीड इंच आत घेतो आणि त्यावर चौकोन, चौकोनात फुली, अशी शिवण मारतो. दुसरी चूक आमच्यापैकी एका ताईच्या हाताची होती. मजबुतीसाठी ती फार बारीक टाके घालायची, त्यामुळे कापडाला तिकिटासारखी भोकांची ओळ पडायची आणि तिथूनच ते फाटायचं. आता इंचात नऊ-दहा टाके, त्याहून बारीक नाही.

तपासायची पद्धत तुम्हालाही करता येईल. एक लिटरच्या आठ बाटल्या पाण्याने भरून पिशवीत ठेवा, म्हणजे आठ किलो झाले. दाराच्या कडीला रात्रभर टांगा. सकाळी फुलीजवळचे टाके पाहा: भोकं लांबट झाली असतील किंवा धागा वर आला असेल तर ती पिशवी आमच्याकडे परत करा. प्रत्येक खेपेतली एक पिशवी आम्ही अशी टांगतो.

शिवायला तुम्ही पॉलिएस्टरचा धागा वापरता ना? मग प्लास्टिक आलंच की.

हो, वापरतो. सुती धागा लावून पाहिला, पण धुतल्यावर बंदापाशी लवकर सुटला. पिशवी वर्षानुवर्षं टिकावी म्हणून हा एवढा पॉलिएस्टर आम्ही मान्य केला आहे. छपाईला मात्र पाण्याचा पिगमेंट रंग घेतो. प्लास्टिसॉल नावाची शाई घेत नाही, कारण ती पीव्हीसीची असते. छापा बोटाला रबरासारखा लागला आणि ताणल्यावर चिरला तर ती शाई प्लास्टिसॉल असण्याची शक्यता मोठी.

कापसाच्या पिशवीला इतकं पाणी आणि खत लागतं, मग ती खरंच चांगली का?

एकदा वापरून फेकली तर चांगली नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने 2018 मध्ये पिशव्यांची तुलना केली होती. त्यात हवामानबदलापुरतं पाहिलं तर साध्या कापसाची पिशवी प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला निदान 52 वेळा वापरावी लागते आणि सगळे परिणाम धरले तर कित्येक हजार वेळा. तिथली प्लास्टिकची पिशवी शेवटी कचऱ्यासोबत नीट जाळली जाते. आपल्याकडे ती नाल्यात आणि खाडीत जाते, आणि हे त्या हिशेबात नाही. तरी 52 चा आकडा आम्ही मनावर घेतला. आठवड्यातून एकदा बाजारात नेली तर एक वर्ष झालं. म्हणून लग्नात, वाढदिवसाला, उद्घाटनाला शेकड्यांनी वाटायच्या पिशव्यांची ऑर्डर आम्ही घेत नाही. त्या कपाटात पडून राहतात.

जुन्या साड्या, चादरी दिल्या तर त्यांच्या पिशव्या कराल का?

सुती असतील तर आनंदाने. कापड उजेडासमोर धरा आणि दोन्ही हातांनी जोरात ओढा. 'चर्र' झालं तर ते विरलं आहे, त्याला वजन पेलणार नाही. मग आम्ही त्यातून फक्त भाजीच्या छोट्या पिशव्या काढतो आणि बंद नव्या मांजरपाटाचे लावतो. सिंथेटिक साडीची पिशवी शिवता येते, टिकतेही, पण धुताना तिचे बारीक तंतू पाण्यात जातात, म्हणून ती धान्यासाठी किंवा फळांसाठी देत नाही.

औषधाच्या दुकानासाठी वर्तमानपत्राच्या पाकिटांचा भाव काय?

गोळ्यांच्या पाकीटबंद पट्ट्यांसाठी वर्तमानपत्राचं पाकीट चालतं, पण खाण्याच्या पदार्थाला लागू देऊ नका. वडापाव, भजी, फरसाण वर्तमानपत्रात बांधायला अन्नसुरक्षेच्या नियमांनी मनाई आहे, कारण शाईतले घटक तेलात उतरतात. आम्ही त्यामुळे बेकरीला आणि औषधवाल्यांना एकाच कोऱ्या क्राफ्ट कागदाची पाकिटं देतो, वेगवेगळा साठा ठेवावा लागत नाही. भाव आकारावर आहे, फोन करा.

कागदी पाकिटाला कसला डिंक लावता? मुंग्या येतात का?

मैद्याची खळ. एक वाटी मैदा आठ वाट्या पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचा, मंद आचेवर सतत ढवळायचं आणि पारदर्शक चकाकी आली की उतरवायचा. पुस्तकं बांधणारे किडीसाठी खळीत मोरचूद घालतात. ते विष आहे, खाण्याच्या पाकिटाला कधीच घालायचं नाही. त्यामुळे आमची खळ दोन दिवसांत आंबते आणि आम्ही रोजची रोज करतो. वासानेच कळतं, आंबूस आली की फेकून द्यायची. मुंग्या येतात त्या खळ जाड लावली तर. बोटाने पातळ ओढायची, कडेला बाहेर येऊ द्यायची नाही.

पावसाळ्यात कागदी पिशव्या मिळतील?

छोटी पाकिटं मिळतील, बंदाच्या मोठ्या पिशव्या जून ते सप्टेंबर आम्ही करत नाही. खळ वाळायला पूर्ण दिवस लागतो, आणि वाळल्यासारखी वाटून गठ्ठा बांधला की आत बुरशी धरते. आणि गिऱ्हाईक ती पावसातून नेणार, तळ भिजला की सामान रस्त्यावर.

तागाच्या पिशवीला रॉकेलसारखा वास येतो. खराब माल आहे का?

खराब नाही. ताग कातताना तो मऊ व्हावा म्हणून गिरणीत खनिज तेल शिंपडतात, त्याचा हा वास. उन्हात तीन-चार दिवस उलटी करून टांगली की बराच जातो. सुटं धान्य किंवा पीठ थेट भरायचं असेल तर वनस्पती तेल वापरलेला, खाद्यपदार्थांसाठीचा ताग वेगळा मिळतो, तो मागा. पाकीटबंद सामानाला नेहमीचा ताग चालतो.

तागाची पिशवी आतून चकचकीत आहे. ती चालेल?

आत हात फिरवा. चिकट, गुळगुळीत लागलं तर आत प्लास्टिकचा थर चिकटवलेला आहे. अशी पिशवी ना ताग म्हणून कुजते, ना प्लास्टिक म्हणून वेगळी काढता येते. आम्ही थर नसलेलाच ताग घेतो. धागे सुटू नयेत म्हणून आतल्या शिवणीला मांजरपाटाची पट्टी लावतो. घरगुती शिलाई मशीनवर तागाच्या जाड शिवणी जात नाहीत, सुई मोडते. 18 किंवा 21 नंबरची सुई आणि जाड कापडाचं मशीन लागतं. गटात असं मशीन एकच आहे, म्हणून तागाच्या ऑर्डरीला वेळ लागतो.

मासळी, दही, ओलं खोबरं कशात द्यायचं?

आमच्या कुठल्याच पिशवीत नाही. ओल्या वस्तूला डबाच लागतो, गिऱ्हाइकाने घरून आणलेला स्टीलचा. कापडी पिशवीत मासळीचं पाणी एकदा मुरलं की ती पिशवी पुन्हा दुसऱ्या कामाला येत नाही. ओली पालेभाजी मात्र कापडी पिशवीत चांगली राहते, घरी गेल्यावर पिशवी वाळत घाला म्हणजे झालं.

'कंपोस्टेबल' लिहिलेल्या पिशव्या घेतल्या तर चालेल का?

केंद्राच्या नियमांत खरी प्रमाणित पिशवी चालते. तिच्यावर आयएस/आयएसओ 17088 आणि बनवणाऱ्याचं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र यांचा उल्लेख असायला हवा. नुसतं हिरवं पान आणि 'इको' लिहिलं असेल तर घेऊ नका. आणि ती घरच्या कुंडीत कुजेल असं समजू नका, तिला मोठ्या खत-प्रकल्पाची उष्णता लागते.

कमीत कमी किती पिशव्या घ्याव्या लागतात आणि किती दिवसांत मिळतात?

कापडी 21, म्हणजे दहा मीटरचा एक तुकडा. छपाई नको असेल तर चार दिवस, हवी असेल तर आठ. गणपती आणि दिवाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत नवी ऑर्डर घेत नाही, आमच्याच घरी काम असतं.

बंद सुटला, कोपरा उसवला तर दुरुस्त करून मिळेल का?

आमची पिशवी असेल तर फुकट, कितीही जुनी असो. दुकानातच ठेवा, पुढची खेप द्यायला येऊ तेव्हा घेऊन जाऊ आणि धुतलेल्या पिशव्यांबरोबर परत आणून देऊ. कापण्याच्या हिशेबातले ते सहा जास्तीचे बंद त्यासाठीच राखून ठेवलेले असतात.